टोकन कायम ठेवा

सकाळी ७.३०

नोव्हेंबरात गोंदिया जिल्ह्यातल्या धान खरेदी केंद्रांवर दिवस लवकर सुरू होतो. गोरेगावच्या रस्त्याला एका सहकारी संस्थेचं गोदाम आहे. त्याच्यासमोर आज सकाळी ट्रॅक्टरची रांग लागली होती आणि मी वही घेऊन ग्रेडर काकांच्या टेबलाशेजारी उभी होते. नागपूरच्या एका छोट्या कंपनीत मी प्रॉडक्ट मॅनेजमेंटची इंटर्न आहे, काम गोंदियातल्या घरूनच करते. खरेदी केंद्र चालवणाऱ्या संस्थांना टोकन आणि चिठ्ठ्या सांभाळता याव्यात म्हणून कंपनीने एक ॲप केलं आहे. शेतकऱ्याची नोंदणी, सातबारा, बँक खातं हा सगळा कारभार सरकारी पोर्टलवर चालतो, त्याला आमचं ॲप हात लावत नाही. आमचा संबंध गेटपासून काट्यापर्यंत.

आजचं काम एका ओळीत आलं होतं : ओलाव्यामुळे परत गेलेल्या शेतकऱ्याचं टोकन कायम राहावं. या ओळीची युजर स्टोरी करायची आणि तिचे ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं त्याच्या अटी, संध्याकाळपर्यंत लिहायच्या. त्याआधी ओलावा प्रत्यक्ष कसा मोजतात ते बघायलाच हवं होतं.

केंद्र सरकारच्या दर्जाच्या निकषांत धानाला १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. या केंद्रावर काका एका ट्रॅक्टरमधल्या वेगवेगळ्या कट्ट्यांतून तीन ठिकाणचा नमुना काढतात. मूठभर धान मीटरच्या कपात ओततात, झाकण घट्ट करतात, बटण दाबतात. छोट्या पडद्यावर एक दशांश असलेला आकडा येतो. आज माझ्यासमोर एका ट्रॅक्टरचे आकडे आले १८.४, १८.९ आणि १८.५. काकांनी ते पाठकोऱ्या कागदावर लिहिले, ओठातल्या ओठात बेरीज केली आणि म्हणाले, "अठरा-सहा. वाळवून आणा."

शेतकरी जागचा हलला नाही. "आणतो जी वाळवून. पण मंग नंबर जाते ना माझा!"

सध्याची पद्धत अशी, की परत गेलेल्याचं टोकन तिथेच संपतं. पुन्हा यायचं तर नवं टोकन आणि रांगेचं शेपूट. ट्रॅक्टरचं भाडं दोनदा जातंच, वर आणखी काही दिवस थांबायचं. म्हणून बरेच जण घरी न जाता गोदामाच्या आवारातच धान पसरतात. सकाळचं दव उतरेपर्यंत ते नीट वाळत नाही आणि मागच्या ट्रॅक्टरला वाट राहत नाही. ही अडचण ॲपसमोर बसून दिसली नसती.

मी काकांना विचारलं, "काका, सरासरी सतराच्या थोडी वर आली तर?"

"थोडी म्हणजे किती बेटा? ते सचिवायले विचार. मी तर मशीन सांगते तेच लिहितो."

वहीत सर्वांत वर मी तेच लिहिलं : थोडी म्हणजे किती.

सकाळी १०

टीमचा कॉल. मॅनेजर मॅडम नागपुरात, डेव्हलपर दादा पुण्यात, टेस्टर ताई भंडाऱ्याला. मी सकाळी पाहिलेलं सांगितलं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला : "ही स्टोरी कोणाची? शेतकरी आपलं ॲप उघडतो का?"

उघडत नाही. ॲप उघडतो तो केंद्रावरचा ऑपरेटर. टोकन देणं, ओलाव्याचे आकडे भरणं, काट्यावरचं वजन चढवणं, सगळं तोच करतो. मग स्टोरी "ऑपरेटर म्हणून मला" अशी सुरू करायची का? दादांचा कल तिकडे होता, कारण त्यांना स्क्रीन ऑपरेटरसाठीच बांधायची आहे.

मला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. "कोण म्हणून, काय हवं, कशासाठी" हा तीन भागांचा साचा २००१ च्या सुमारास लंडनच्या कनेक्स्ट्रा या कंपनीत रूढ झाला. त्यातला तिसरा भाग सर्वांत मोलाचा. ऑपरेटरला टोकन कायम ठेवून काय मिळतं? आणखी एक बटण. फायदा शेतकऱ्याचा आहे. स्टोरी ऑपरेटरच्या नावाने लिहिली तर पुढे कोणी म्हणेल, बटण दिलं, काम झालं. आणि शेतकरी पाच दिवसांनी आला तर त्याला जागा कुठे मिळते हा प्रश्न कोणाच्याच डोक्यात येणार नाही. ठरलं असं, की कार्डावर शेतकरी राहील आणि अटींमध्ये ऑपरेटरच्या हातून काय घडतं ते येईल.

सकाळी ११

कार्ड लिहिलं. जिरामध्ये ते असं दिसतं :

"ओलावा जास्त आल्याने परत गेलेला शेतकरी म्हणून मला माझं टोकन कायम हवं, म्हणजे धान वाळवून आणल्यावर नव्याने रांग लावावी लागणार नाही."

यापेक्षा जास्त कार्डावर लिहायचं नाही, हे मला इथे आल्यावर कळलं. रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये युजर स्टोरीचे तीन भाग सांगितले होते : कार्ड, त्यावरचं बोलणं आणि शेवटी खातरजमा. कार्ड म्हणजे बोलायचं काय याची आठवण. खातरजमा म्हणजे अटी. मधलं बोलणं वगळून थेट अटी लिहिणाऱ्यांच्या अटी कागदावर छान दिसतात, पण त्या काट्यावर टिकत नाहीत. म्हणून मी अटींना हात लावण्याआधी संस्थेच्या सचिवांचा वेळ मागून घेतला.

दुपारी १२.३०

सचिवसाहेब फोनवर भेटले. दिवसातला सर्वांत कामाचा अर्धा तास हाच.

गोल प्रश्न विचारले तर गोल उत्तरं येतात, म्हणून मी आकडेच समोर ठेवले. "साहेब, तीन नमुने १६.८, १७.० आणि १७.४ आले. धान घ्यायचं की परत?"

ते क्षणभर थांबले. "एक नमुना तर वर आहे."

"पण निर्णय सरासरीवर होतो, असं काका म्हणाले."

"हो, सरासरीवरच."

"या तिघांची बेरीज ५१.२. तिला तीनने भागलं तर १७.०६ च्या पुढे आकडे चालू राहतात. पूर्णांकात धरलं तर १७ होतात, म्हणजे घ्यायचं. एक दशांश ठेवला तर १७.१, म्हणजे परत. तुमच्याकडे काय धरतात?"

याचं उत्तर केंद्रावर कधीच कोणी ठरवलं नव्हतं. काका कागदावर बेरीज करतात तेव्हा हा प्रश्न दबून राहतो. ॲपमध्ये दबत नाही, कारण संगणकाला काहीतरी एक करावंच लागतं आणि कोणी सांगितलं नसेल तर ते डेव्हलपरच्या सवयीने होतं. सचिवांनी विचार करून सांगितलं, की मीटर एक दशांश दाखवतो, तर सरासरीही एकाच दशांशापर्यंत धरा. १७.० पर्यंत घ्या, १७.१ पासून परत.

आता अट नेमकी झाली. मीटर एक दशांश दाखवतो आणि नमुने तीन असतात, म्हणून तिन्ही आकड्यांची बेरीज ५१.१ आली तर सरासरी १७.०३ येते आणि ती १७.० धरली जाते : धान स्वीकारायचं. बेरीज ५१.२ झाली की १७.१ : परत. सीमारेषा या दोन बेरजांच्या मध्ये आहे. "ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास" एवढंच लिहिलं असतं तर डेव्हलपर, टेस्टर आणि काका यांनी तीन वेगळ्या रेषा ओढल्या असत्या, आणि एखाद्याचा ट्रॅक्टर नेमका त्या फरकात सापडला असता.

हीच गोष्ट लगेच परीक्षेच्या रूपात लिहिली. आमच्याकडे अटी गर्किनच्या पद्धतीने लिहितात. त्यात आधीची स्थिती, घडणारी कृती आणि दिसणारा परिणाम वेगवेगळ्या ओळींवर येतो, आणि गर्किनला मराठी चालतं. सचिवांना वाचून दाखवता यावं म्हणून मी मराठीतच लिहिलं :

```
# language: mr
वैशिष्ट्य: ओलावा जास्त आल्यास टोकन कायम

  परिदृश्य: सरासरी मर्यादेच्या किंचित वर
    जर टोकन 112 साठी 16.9, 17.1, 17.2 नोंदवले आहेत
    जेव्हा ऑपरेटर "निर्णय" दाबतो
    मग सरासरी 17.1 दिसते
    आणि टोकन 112 ची स्थिती "वाळवून आणा" होते
    पण टोकन 112 रद्द होत नाही
```

याच्या जोडीला १६.९, १७.० आणि १७.२ चं दुसरं परिदृश्य. त्यात बेरीज ५१.१ येते आणि टोकन सरळ काट्याकडे जातं. मर्यादेच्या अलीकडचं एक आणि पलीकडचं एक. १२ किंवा २५ टक्क्यांची उदाहरणं घालून काही हाती लागत नाही, तिथे कोणीही चुकत नाही.

फोन ठेवण्याआधी परतीचं विचारलं. किती दिवसांत यायचं? सचिव म्हणाले, पाच दिवस. परत पाठवल्याचा दिवस धरायचा का? नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजा. शेवटचा दिवस रविवार निघाला तर? केंद्र बंद असतं, तर सोमवार धरा. म्हणजे मंगळवारी ११ तारखेला परत गेलेल्याची मुदत रविवारी १६ ला संपते, पण टोकन सोमवारी १७ ला केंद्र बंद होईपर्यंत चालेल. मी तारखा घालूनच वाचून दाखवल्या आणि ते "बरोबर" म्हणाले तेव्हाच लिहून टाकल्या.

रांगेतल्या जागेवर मात्र ते अडखळले. परत आलेल्याला सर्वांत पुढे घेतलं तर रात्रीपासून थांबलेले भांडतात. एकाच सकाळी दहा जण वाळवून परत आले तर नव्यांचा दिवसच जातो. शेवटी त्यांनी सांगितलेला तोडगा मला फार आवडला : एक परत आलेला, एक नवा, आळीपाळीने. गावात कोणालाही समजेल आणि कोणाला सांगताना लाज वाटणार नाही, असा नियम. मी तो जसाच्या तसा अटींत घातला.

दुपारी २.३०

जेवण झाल्यावर वहीतला एक प्रश्न उरला होता, वजनाचा. काही वेळा गर्दीत आधी वजन होतं आणि ओलावा नंतर तपासतात, असं ऑपरेटरने सकाळी सांगितलं होतं. म्हणजे परत जाणाऱ्या टोकनवर आधीचं वजन चढलेलं असू शकतं. टोकन कायम ठेवायचं, तर त्यावरचं वजनही कायम राहील का?

हिशेब मांडून पाहिला. समजा ५० कट्टे आले, प्रत्येकी ४० किलो, म्हणजे २० क्विंटल, आणि ओलावा १९ टक्के. त्यात पाणी वगळता ८१ टक्के, म्हणजे १,६२० किलो कोरडा भाग आहे. वाळवून ओलावा १७ टक्क्यांवर आला की हाच १,६२० किलो भाग एकूण वजनाच्या ८३ टक्के होतो. १,६२० ला ०.८३ ने भागलं तर साधारण १,९५२ किलो. वाळवण्यात ४८ किलो पाणी उडालं. कट्टेही ५० राहत नाहीत : ४८ पूर्ण भरतात आणि बत्तीसेक किलो उरतं.

२०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. ४८ किलोचे जवळपास १,१४० रुपये होतात. जुनं वजन टोकनला चिकटून राहिलं तर गोदामात न आलेल्या ४८ किलोचे पैसे कागदावर चढतील आणि हंगामाच्या शेवटी गोदामाच्या साठ्यात घट निघेल. ती घट कोणाच्या नावावर लागते, हे संस्थेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

म्हणून अट झाली : स्थिती "वाळवून आणा" झाली की टोकनवरचं वजन आणि कट्ट्यांची संख्या रिकामी होते, आणि परतल्यावर ओलावा व वजन दोन्ही नव्याने घेतल्याशिवाय पावती निघत नाही. जुने आकडे पुसायचे नाहीत. ते इतिहासात तारखेसह राहतात, कारण "माझा ओलावा किती आला होता?" असं शेतकऱ्याने विचारलं तर दाखवायला हवेत. टोकन क्रमांक सोडून काय काय कायम राहत नाही, हे लिहिणं या फीचरचा निम्मा भाग होता आणि मूळ एका ओळीत त्याचा मागमूसही नव्हता.

दुपारी ४

दादा, ताई आणि मी, तिघांची बैठक. स्टोरी बांधणारा, तपासणारी आणि लिहिणारी एकत्र बसून अटी एकेक वाचतात. ताई भंडाऱ्याच्या असल्याने त्यांना केंद्र माहीत आहे, आणि त्यांचे प्रश्न टोचणारे असतात.

पहिला त्यांचाच : "ऑपरेटरचा मोबाईल मराठीत आहे. त्याने १७.२ देवनागरीत टाइप केलं तर?"

दादांनी लगेच करून दाखवलं. जावास्क्रिप्टमध्ये `Number("17.2")` बरोबर आकडा देतं, पण `Number("१७.२")` दिलं की उत्तर येतं `NaN`, म्हणजे आकडाच नाही. आता `NaN` हा १७.० पेक्षा मोठा आहे का, असं प्रोग्रामला विचारलं तर उत्तर "नाही" येतं. म्हणजे तपासणी फक्त "मोठा असेल तर परत" अशी लिहिली असेल, तर देवनागरीत भरलेलं २२ टक्क्यांचं ओलं धान बिनबोभाट काट्यावर जाईल. पडद्यावर चूक दिसणार नाही, कोणी ओरडणार नाही. असा दोष शोधायला सर्वांत अवघड. अट वाढली : दोन्ही लिपींतले अंक चालतात, आणि तिन्ही रकान्यांत वाचता येणारा आकडा नसेल तोपर्यंत "निर्णय" बटण दाबताच येत नाही.

दुसरा प्रश्न दादांचा : नेट गेलं तर? गोदामात ते रोज जातं. ॲप फोनवर नोंद ठेवतं आणि नेट आल्यावर पुढे पाठवतं, हे आधीपासून आहे. पण पाच दिवसांची मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची? नोंद सर्व्हरवर पोचल्यापासून मोजली तर दोन ऑपरेटरांच्या फोनवर एकाच टोकनची वेगळी मुदत दिसू शकते. मोजमाप घेतलं त्या दिवसापासून, हे आम्ही तिघांनी ठरवलं आणि सचिवांना निरोप पाठवून होकार घेतला. असा निर्णय टीमने परस्पर घेऊन गप्प बसणं मला बरोबर वाटत नाही. रांग त्यांच्या गावातली आहे.

सायंकाळी ५.३०

एक गोष्ट या स्टोरीतून बाहेर काढली : शेतकऱ्याला मुदतीचा एसएमएस. मॅडमना तो हवा होता आणि उपयोगाचाही आहे, पण त्याची स्वतःची गुंतागुंत आहे. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार कंपनीला असे संदेश पाठवायचे तर मजकुराचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मंजुरी आमच्या हातात नाही. ती अडकली तर टोकनचं कामही अडकेल. शिवाय मराठी एसएमएसला १६० जागा मिळत नाहीत, ७० मिळतात, आणि प्रत्येक काना-मात्रा, हलन्त, अनुस्वार वेगळी जागा खातो. "पर्यंत" या शब्दाला सहा लागतात. मी मजकूर बसवला :

"ओलावा १८.६. धान वाळवून १९/११ पर्यंत आणा. टोकन ११२ कायम."

५५ जागा झाल्या. उरलेल्या १५ मध्ये संस्थेचं आखूड नाव बसवायचं. ही दुसरी स्टोरी म्हणून वेगळ्या कार्डावर ठेवली. पहिली या दुसरीशिवाय पूर्ण होते आणि शेतकऱ्याला एकट्या पहिलीचाही उपयोग होतो, म्हणून तोडायची ती इथेच.

सायंकाळी ६.३०

सगळ्या अटी फोनवर ग्रेडर काकांना वाचून दाखवल्या. सरासरी, पाच दिवस, रविवार, आळीपाळी, वजन नव्याने. काकांनी एका ठिकाणी थांबवलं : "वाळवून आणलं अन् दुसऱ्यांदाही सतरा-तीन आलं तर?"

हा प्रश्न दिवसभरात आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता. सचिवांना पुन्हा फोन. उत्तर आलं : दुसऱ्यांदाही टोकन कायम, पुन्हा पाच दिवस, तिसऱ्यांदा मात्र नवं टोकन. अट जोडली, परिदृश्य जोडलं, ताईंनी वाचून मान्य केलं.

स्टोरी सोमवारपासूनच्या स्प्रिंटमध्ये गेली आहे. एसएमएसचा साचा मंजुरीला पाठवला आहे. तो मंजूर होईपर्यंत परतीची तारीख ऑपरेटर पेनाने चिठ्ठीच्या मागे लिहून देणार आहे.